पदराची मागची बाजू मागा

वाचकाचे पत्र

स. न. वि. वि.
मी मुलुंडच्या एका गृहनिर्माण सोसायटीच्या कमिटीवर आहे. गेल्या वर्षभरात आमच्याकडील तिघींनी मोबाइलवर फोटो पाहून ‘ओरिजिनल येवला पैठणी’ मागवली आणि तिन्ही साड्या बनावट निघाल्या. आता लग्नसराईच्या आधी, सोसायटीच्या सभेनंतर अर्धा तास या विषयावर बोलण्यास मला सांगितले आहे. पैसे भरण्यापूर्वी केवळ फोटोवरून खोटा माल ओळखता येतो का, आणि येत असेल तर तो लोकांना कसा दाखवावा? आणखी एक अडचण आहे. आमच्याच इमारतीतील एक वहिनी व्हॉट्सॲपवर साड्या विकतात आणि त्याही समोर बसलेल्या असतील.
— एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर

नमस्कार. फोटोवरून पैठणीची पारख करता येते. मात्र विक्रेत्याने जाहिरातीत स्वतःहून लावलेल्या फोटोंवरून ती क्वचितच होते. आपण मुद्दाम मागवून घेतलेल्या फोटोवरून ती बऱ्याच खात्रीने होते. आपल्या भाषणाचा सारा भार या एका फरकावर ठेवावा, असे मला वाटते. चार्जर, घड्याळे, बूट, अत्तरे यांच्या नकला ओळखण्याच्या खुणा वेगवेगळ्या असतात आणि अर्ध्या तासात त्या सगळ्या सांगायला गेल्यास घरी जाताना श्रोत्यांच्या लक्षात एकही राहत नाही. म्हणून बोलणे पैठणीपुरतेच ठेवावे, आणि पैठणीतही पदरापुरते.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करावी, कारण ती न सांगितल्यास पुढचे सगळे बोलणे अन्यायाचे होईल. यंत्रमागावर विणलेली, पैठणीच्या नक्षीची साडी ही काही वाईट वस्तू नाही. ‘सेमी पैठणी’ म्हणून, तिच्या योग्य किमतीला, ती अनेक दुकानांत उघडपणे विकली जाते आणि ती हौसेने नेसणाऱ्या बायकांची त्यात कोणतीही फसवणूक होत नाही. फसवणूक होते ती तीच साडी ‘हातमागाची, शुद्ध रेशमी, येवल्याची’ असे सांगून विकल्यावर. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्यामुळे हे नाव कोणत्याही मोराच्या पदराला हवे तसे लावता येत नाही. सभेत ‘खोटी साडी’ असे म्हणण्यापेक्षा ‘खोट्या नावाने विकलेली साडी’ असे म्हटले तर ऐकणाऱ्यांचा राग योग्य ठिकाणी वळेल आणि कोणाच्या कपाटातील साडीचा अपमानही होणार नाही.

आता मूळ मुद्दा. पैठणीचा पदर समोरून पाहून हातमाग आणि यंत्रमाग यांतील फरक फोटोत सांगणे अनुभवी माणसालाही अवघड जाते, पण मागची बाजू समोर आली की तो फरक सहसा सांगावाच लागत नाही. असे का होते, हे श्रोत्यांना पाच मिनिटे देऊन समजावून सांगावे, कारण कारण कळले की खूण विसरली जात नाही.

पारंपरिक पद्धतीने पदर विणताना विणकर नक्षीचा आडवा धागा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत एका दमात नेत नाही. मोराची मान निळी असेल, पिसारा हिरवा असेल आणि भोवतालची जमीन जरीची असेल, तर या प्रत्येक रंगाच्या धाग्याची एक स्वतंत्र लहान कांडी असते. निळा धागा मानेच्या कडेपर्यंत जातो, तिथे शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो आणि तिथूनच परत फिरतो. हिरवा आपल्या हद्दीत फिरतो, जर आपल्या हद्दीत. एका ओळीत अशा कितीतरी कांड्या हाताने पुढेमागे करायच्या असतात, आणि पदराला इतका वेळ लागतो तो याच कारणाने. कोणताही धागा आपली हद्द ओलांडून पाठीमागून पलीकडे जात नसल्याने मागच्या बाजूलाही तोच मोर, तेच रंग आणि तशाच कडा दिसतात. फक्त मोराचे तोंड उलट्या दिशेला असते. रंग बदलतो तिथे धाग्याचे एखादे छोटे टोक किंवा गाठ दिसते, तेवढेच.

जॅकार्ड, म्हणजे नक्षीप्रमाणे उभे धागे उचलणारे साधन, लावलेल्या यंत्रमागावर हेच काम वेगळ्या रीतीने होते. तिथे नक्षीचा धागा प्रत्येक फेरीत कापडाची पूर्ण रुंदी ओलांडतो. जिथे तो रंग हवा असतो तिथे धागा समोर येतो आणि जिथे नको असतो तिथे तो पाठीमागे लपतो. साहजिकच मागच्या बाजूला एका मोरापासून दुसऱ्या मोरापर्यंत मोकळे धागे ताणलेले दिसतात. हे धागे दागिन्यात, बांगडीत अडकतात, म्हणून पुष्कळदा ते कापून टाकले जातात. मग मागच्या बाजूला प्रत्येक नक्षीच्या कडेने कापलेल्या धाग्यांची बारीक, केसाळ झालर उरते. काही साड्यांत ही बाजू झाकण्यासाठी पदराच्या मागे जाळीचे अस्तर शिवून देतात. झालर, मोकळे धागे आणि अस्तर यांपैकी काहीही दिसले तर तो पदर पारंपरिक हातविणीचा नाही, एवढे आपण ठामपणे म्हणू शकतो.

यापेक्षा अधिक मात्र म्हणू नये. येवल्यातही काही विणकर हातमागाला जॅकार्ड जोडून काठ आणि बुट्टे काढतात आणि त्या साड्या ‘ब्रोकेड’ म्हणून विकल्या जातात. त्या हातमागाच्याच असतात, तरीही त्या नक्षीच्या पाठीमागे धागे दिसू शकतात. म्हणून साडीच्या अंगावरचे बुट्टे किंवा काठ पाहून निवाडा करू नये, पदर पाहावा. आणि पदराच्या मागेही धागे असतील तर विक्रेत्याला ‘ही ब्रोकेड आहे का, हातमागाची की यंत्रमागाची’ असे सरळ विचारून उत्तर लेखी घ्यावे. काठाच्या कडेला दिसणारी टाचणीसारखी बारीक भोके हातमागाची खूण म्हणून सांगितली जातात, पण तिच्यावर विसंबू नये. कापड ताणून धरणारी दातेरी साधने यंत्रमागावरही असतात आणि तीही भोके पाडतात.

हे सर्व सभागृहात तोंडी सांगू नका, दाखवा. आपल्या सोसायटीत कोणाच्या तरी कपाटात आईची किंवा सासूबाईंची जुनी, हाताने विणलेली पैठणी नक्की असेल. ती आणि एक सेमी पैठणी अशा दोन साड्या आदल्या दिवशी मागून घ्या. दोन्हींच्या पदराचे समोरून आणि मागून, सारख्या अंतरावरून, मोबाइलने फोटो काढा आणि सभागृहातील टीव्हीवर दाखवा. साड्या त्या वेळी पिशवीतच राहू द्या, कारण लोकांना फोटोवरूनच पारख करायची सवय लावायची आहे. आधी फक्त समोरचे दोन फोटो दाखवून हात वर करायला सांगा. मते विभागली जातील, आणि काही जण मोठ्या आत्मविश्वासाने सेमी पैठणीला खरी ठरवतील, कारण यंत्रमागाचा मोर पुष्कळदा अधिक रेखीव आणि चकचकीत असतो. त्यानंतर मागचे फोटो दाखवा. मला खात्री आहे, या वेळी फारशी चर्चा होणार नाही. साड्या त्यानंतरच बाहेर काढून हाती द्याव्यात.

मग एक जाहिरात घेऊन ती सर्वांसमोर वाचावी. खरी जाहिरात घेतल्यास विक्रेत्याचे नाव झाकावे. समजा, जाहिरातीचे शीर्षक आहे: ‘प्युअर सिल्क हँडलूम येवला पैठणी, मुनिया काठ’. किंमत १२,९९९ रुपयांवर रेघ मारून ३,४९९ रुपये. आठ रंग उपलब्ध. सहा फोटो, त्यांपैकी चार एका मॉडेलचे, एक घडी घातलेल्या साडीचा आणि एक काठाचा जवळून काढलेला.

पहिले काम म्हणजे आठही रंगांचे फोटो एकामागून एक पाहणे. साडीचा रंग सोडून बाकी सगळे तेच असेल, म्हणजे निऱ्यांची प्रत्येक घडी, खांद्यावरची प्रत्येक चुणी आणि जमिनीवर पडलेली सावली आठही फोटोंत जशीच्या तशी असेल, तर फोटो एकाच साडीचा आहे आणि बाकीचे सात रंग संगणकावर भरलेले आहेत. यावरून साडी खोटी ठरत नाही, पण तुम्ही निवडलेल्या रंगाची साडी विक्रेत्याने फोटोसाठी कधी उघडलेलीही नाही, हे कळते. शिवाय हाताने विणलेल्या पदराच्या साड्या एकाच नक्षीत, आठ रंगांत, हव्या तितक्या नगांत तयार पडून असणे हेच मुळात विणकामाच्या गतीशी जुळत नाही.

दुसरे काम म्हणजे खाली तपशिलाच्या रकान्यापर्यंत जाणे. शीर्षक विक्रेता लोकांच्या डोळ्यांत भरावे म्हणून लिहितो, पण रकान्यांमध्ये पुष्कळदा खरे ते उतरलेले असते. शीर्षकात ‘प्युअर सिल्क’ आणि कापडाच्या रकान्यात ‘आर्ट सिल्क’ किंवा ‘सिल्क ब्लेंड’, विणीच्या रकान्यात ‘जॅकार्ड’ किंवा ‘पॉवरलूम’ असे दिसले तर पुढचे फोटो पाहण्याची गरजच उरत नाही. आर्ट सिल्क हा कृत्रिम धागा असतो, कोशाचे रेशीम नव्हे. विसंगती सापडली तरी सापडली नाही तरी, शीर्षक आणि रकाने दोन्हींचे स्क्रीनशॉट पैसे भरण्यापूर्वी घेऊन ठेवायला सांगा. जाहिरात नंतर बदलता येते, स्क्रीनशॉट बदलत नाही.

तिसरे काम किमतीचे, आणि ते कागदावर मांडून दाखवावे. पदर अगदी साधा, छोटा आहे आणि साडी अवघ्या दोन आठवड्यांत विणून झाली, असे विक्रेत्याच्या बाजूने उदारपणे धरू. आठवड्याला सहा दिवस, म्हणजे बारा दिवसांचे काम. ३,४९९ रुपयांना बाराने भागले की दिवसाला सुमारे २९० रुपये येतात, आणि यात रेशीम, जर, रंगाई, विक्री मंचाचे कमिशन, कुरियर आणि विक्रेत्याचा नफा हे सगळे बसवायचे आहे. विणकराच्या हाती काय उरेल, हे लोकांना स्वतःच काढू द्या. भरगच्च पदराच्या पैठणीला काही महिनेही लागतात, तिथे हे गणित मांडायचीही गरज पडत नाही. मात्र याची उलट बाजूही स्पष्ट सांगावी: किंमत कमी असली की शंका घ्यावी हे खरे, पण किंमत जास्त असली म्हणजे साडी खरी असे होत नाही. यंत्रमागाची साडी पंधरा हजारांना विकणारे आहेतच, आणि सर्वांत मोठे नुकसान तिथे होते.

चौथे काम फोटोचा माग काढण्याचे. पदराचा फोटो स्क्रीनशॉट घेऊन फक्त नक्षीपुरता कापावा आणि गूगल लेन्समध्ये शोधावा. मॉडेलसकट अख्खा फोटो शोधला तर मॉडेलसारख्या दिसणाऱ्या बायका समोर येतात. नक्षीपुरता कापला तर नक्षी सापडते. तोच फोटो एखाद्या जुन्या विणकरी पेढीच्या पानावर, कोपऱ्यात तिच्या नावासह आणि कितीतरी जास्त किमतीला सापडला, आणि तुमच्या जाहिरातीत नेमका तोच कोपरा कापलेला किंवा ‘सेल’च्या पट्टीने झाकलेला असेल, तर फोटो चोरीचा आहे असे मानायला हरकत नाही. पण मुंबईत घरून साड्या विकणाऱ्या असंख्य बायका घाऊक व्यापाऱ्याने पाठवलेलेच कॅटलॉग फोटो पुढे पाठवतात. त्यामुळे एकच फोटो वीस ठिकाणी दिसणे हा अपराधाचा पुरावा नाही. त्याचा अर्थ एवढाच, की या फोटोवरून आपल्याला मिळणाऱ्या साडीबद्दल काहीही कळलेले नाही आणि आता नवा फोटो मागायला हवा.

तो कसा मागावा, यावर आपण सर्वांत जास्त वेळ द्यावा. विक्रेत्याला पाठवायचा निरोप टीव्हीवर लिहून दाखवा आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाका, म्हणजे प्रत्येकीला तो जसाच्या तसा पुढे पाठवता येईल. तो साधारण असा असावा: ‘मला पाठवणार असलेल्या साडीचा पदर खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता पसरावा. पदराचा एक कोपरा उलटून असा ठेवावा की एका मोराची समोरची बाजू आणि दुसऱ्या मोराची मागची बाजू एकाच फोटोत येईल. शेजारी कागदावर आजची तारीख आणि माझे नाव हाताने लिहून ठेवावे. मोबाइल वीतभर अंतरावर धरून फोटो काढावा आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.’

यातली प्रत्येक अट कशासाठी आहे, तेही सांगा. दोन्ही बाजू एकाच चौकटीत मागितल्याने समोरची बाजू एका साडीची आणि मागची दुसऱ्या साडीची पाठवता येत नाही. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीमुळे जुना किंवा दुसऱ्याकडून घेतलेला फोटो चालत नाही. चिठ्ठीवरची अक्षरे कापडाच्या घडीनुसार किंचित वाकलेली आणि तिची सावली कापडावर पडलेली आहे ना, हे मोठे करून पाहावे, कारण फोटोवर नंतर चिकटवलेल्या मजकुराला सावली नसते. फ्लॅश टाळायचा, कारण जरीवर तो पडला की तिथे नुसता पांढरा ठिपका उरतो आणि वीण दिसत नाही. डॉक्युमेंट म्हणून मागायचा, कारण व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान केला जातो आणि त्यात सर्वांत आधी पुसले जातात ते धागेच. यात कोणतीही अट विक्रेत्याला जड जावी अशी नाही. साडी त्याच्याजवळ असेल तर पाच मिनिटांचे काम आहे.

आणि साडी त्याच्याजवळ नसेल तर उत्तर वेगळे येते. ‘माल पॅक आहे’, ‘गोडाऊनला आहे’, ‘मॅडम, फोटोत आहे तशी सेम टू सेम येईल’, ‘आधी पाचशे रुपये टोकन टाका, मग काढून दाखवतो’. कधी फोटो येतो, पण पुन्हा समोरचाच. कधी मागची बाजू येते, पण इतक्या दुरून की ती नुसता रंगाचा पट्टा दिसते. या प्रत्येक वेळी शांतपणे दुसऱ्यांदा तीच मागणी करावी आणि तरीही फोटो आला नाही तर व्यवहार सोडून द्यावा. टोकन मात्र कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. विक्री मंचावर भेटलेला विक्रेता ‘बाहेरून थेट पैसे पाठवा, स्वस्त पडेल’ असे म्हणाला तर तेही नाकारावे, कारण मंचाबाहेर दिलेल्या पैशांची जबाबदारी मंच घेत नाही. घरपोच पैसे देण्याच्या सोयीवरही फार भिस्त ठेवू नये; बहुतेक वेळा आधी पैसे द्यावे लागतात आणि पाकीट नंतर फोडता येते.

लेबलांबद्दल कोणीतरी प्रश्न विचारणारच, कारण जाहिरातींत सिल्क मार्कचा फोटो हमखास असतो. इथे बऱ्याच सुशिक्षित ग्राहकांचीही गल्लत होते. सिल्क मार्क ही केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ मध्ये सुरू झालेली योजना आहे आणि ते लेबल फक्त एकच हमी देते: कापड शुद्ध नैसर्गिक रेशमाचे आहे. ते हातमागावर विणले की यंत्रमागावर, याबद्दल ते काहीही सांगत नाही. यंत्रमागावरच्या शुद्ध रेशमी साडीलाही हे लेबल नियमाप्रमाणे लागू शकते. हातमागाची हमी देणारे लेबल म्हणजे हँडलूम मार्क, जे २००६ पासून आहे. त्यामुळे ‘सिल्क मार्क आहे, म्हणजे खरी पैठणी’ हे वाक्य विक्रेत्याने उच्चारले तर त्याने अर्धे उत्तर दिले आहे, असे समजावे. आणि कोणत्याही लेबलाचा सुटा फोटो ग्राह्य धरू नये. लेबल साडीलाच बांधलेले, पदरासह एकाच चौकटीत दिसावे आणि त्यावरचा क्रमांक वाचता यावा.

फोटोच्या मर्यादा सांगितल्याशिवाय हा भाग संपवू नये. मागच्या बाजूचा फोटो विणीबद्दल सांगतो, धाग्याबद्दल नाही. धागा रेशमाचा की कृत्रिम, जर चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेली की साधी नकली, हे कोणत्याही फोटोवरून ठरवता येत नाही, आणि फोटो पाहून ‘जर एकदम प्युअर आहे’ म्हणणाऱ्या कोणत्याही जाणकारावर विश्वास ठेवू नये. त्यासाठी लेबल, पक्के बिल आणि बिलावर लिहिलेले वर्णन लागते. बिलावर नुसते ‘साडी, नग १’ असे न लिहिता ‘हातमागाची शुद्ध रेशमी पैठणी’ असे लिहून देण्याची तयारी आहे का, हे पैसे भरण्यापूर्वीच विचारावे. जो जाहिरातीत हे लिहितो पण बिलावर लिहायला कचरतो, त्याच्याशी व्यवहार करू नये.

एक शंका यानंतरही उरते: फोटो खऱ्या साडीचा आला, पण पाकिटात दुसरीच आली तर? इथे हातविणीचा स्वभावच आपल्या उपयोगी पडतो. हाताने विणलेल्या पदरात दोन मोर तंतोतंत सारखे नसतात. एकाची चोच किंचित बोथट असते, एखाद्या पानाच्या कडेला एक पायरी जास्त असते, रंग बदलतो तिथे एखादे टोक लांब राहिलेले असते. मागवलेला फोटो मोठा करून अशी दोन-तीन ठिकाणे शोधावीत आणि फोटोवरच गोल करून ठेवावीत. पाकीट फोडताना कुरियरच्या चिठ्ठीपासून पदर उलगडेपर्यंत एकाच सलग चित्रफितीत सगळे घ्यावे आणि ती ठिकाणे जुळवून पाहावीत. जुळली तर साडी तीच आहे. आणि कितीही मोठे केले तरी फोटोतील सगळे मोर धाग्याधाग्याने एकसारखेच दिसत असतील, तर मागच्या बाजूकडे पुन्हा एकदा नीट पाहावे.

ज्या तिघींचे पैसे गेले आहेत, त्यांची नावे सभेत घेऊ नका आणि विक्रेत्यांचीही घेऊ नका. पहिल्याने त्या संकोचतील आणि दुसऱ्याने सोसायटीला नोटीस येऊ शकेल. त्यांना सभेआधी वेगळे भेटून दोन गोष्टी सांगा. साडी आली, पण वर्णनाप्रमाणे नाही, अशी तक्रार असेल तर ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे जाहिरातीतील वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही, आणि विक्री मंचाने विक्रेत्याचे नाव व पत्ता ग्राहकाला दाखवणे बंधनकारक आहे. मंचाने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पैसे घेऊन साडीच आली नाही आणि विक्रेत्याचा फोन बंद झाला, तर तो सायबर गुन्हा आहे. त्यासाठी १९३० वर तत्काळ फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यांत वळते होण्यापूर्वी रोखता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. स्क्रीनशॉट आणि चित्रफीत दोन्हीकडे उपयोगी पडतात.

आता आपल्या वहिनींविषयी. त्यांना सभेत अचानक हे सगळे ऐकावे लागले तर प्रत्येक वाक्य आपल्यावरच आहे असे त्यांना वाटेल, आणि समोरच्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळतील. म्हणून दोन दिवस आधी त्यांच्या घरी जाऊन काय बोलणार आहात ते पूर्ण सांगा आणि टीव्हीवर दाखवायची सेमी पैठणी त्यांच्याकडूनच मागून घ्या. ती सेमी आहे हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सभेत सांगितले तर त्यांच्या विक्रीला धक्का न लागता उलट भरवसाच वाढेल. कदाचित असेही निघेल, की त्यांच्या घाऊक व्यापाऱ्याने त्यांनाही कॅटलॉगचेच फोटो पाठवले आहेत आणि पदराची मागची बाजू त्यांनी कधी मागितलेलीच नाही. तसे असेल तर निरोपाचा तो मजकूर त्यांना सभेच्या आधीच द्या. व्यापाऱ्याकडून फोटो मागवण्याची गरज त्यांना आपल्या सर्वांपेक्षा जास्त आहे, कारण त्या एकदा नाही, दर आठवड्याला माल उचलतात. त्यांनी यायला नकार दिला तर आग्रह करू नका, पण भाषणातला एकही मुद्दा त्यांच्यासाठी गाळू नका.